मे तापतो, जुलै निवतो

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत ठिकाणाचं नाव न देता हवामान आलेख येतो: वर तापमानाची रेषा, खाली पावसाचे बारा स्तंभ. मुलं आधी उंच स्तंभ बघतात आणि ‘मोसमी’ लिहून मोकळी होतात. खरं उत्तर रेषा आणि स्तंभ एकत्र वाचल्यावर सापडतं.

पुण्याचा आलेख घेऊ. डिसेंबर-जानेवारीत सरासरी तापमान २०-२१ अंश. तिथून रेषा चढत एप्रिल-मेमध्ये ३० अंशांच्या आसपास पोहोचते. जूनमध्ये स्तंभ उभे राहतात आणि रेषा खाली येते, ऑगस्टमध्ये २५ अंशांच्या आत. इथे थांबून विचार करावा. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. दोन्ही वेळी शून्य सावलीचा दिवस असतो, पण मे तापतो आणि जुलै निवतो. जुलैत ढग ऊन अडवतात आणि ओल्या जमिनीवर पोहोचलेली बरीचशी उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. तापमानाचा कळस पावसाच्या आधी येणं, ही मोसमी हवामानाची सर्वांत भरवशाची खूण.

आता पुणं की मुंबई? आकार जवळजवळ सारखाच, म्हणून उजव्या अक्षावरचे मिलिमीटर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकट्या जुलैचा स्तंभ मुंबईत सातशेच्या पुढे जातो, पुण्यात दोनशेच्या आसपास राहतो. दोन्ही आलेख वेगवेगळ्या प्रमाणावर काढले, तर कागदावर स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात आणि फसगत होते ती इथेच. शिवाय पुण्याची वार्षिक तापमान कक्षा नऊ-दहा अंशांची, तर समुद्रकाठच्या मुंबईची सहाच्या आसपास.

प्रकार ठरवताना सर्वांत थंड महिना बघावा. तो १८ अंशांच्या वर आहे, म्हणजे उष्ण कटिबंधीय सॅव्हाना लिहायचा मोह होतो. पण कोपेनच्या वर्गीकरणात कोरडेपणाची कसोटी आधी लागते. सत्तर टक्क्यांहून जास्त पाऊस एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल, तर वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणून त्यात २८० मिळवायचे; ही झाली मिलिमीटरमधली कोरडेपणाची सीमा. पुण्यासाठी २५ × २० + २८० = ७८०. पुण्यातल्या शिवाजीनगरचा सरासरी वार्षिक पाऊस सव्वासातशे ते साडेसातशे मिलिमीटर, म्हणजे या सीमेच्या किंचित खाली. तो निम्म्या सीमेच्या, ३९० च्या, बराच वर असल्याने उत्तर वाळवंट नाही, निमशुष्क. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या लोणावळ्यात चार हजारांवर पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतल्या पुण्यात एवढाच उरतो.

सरासरीसाठी कोणती वर्षं धरली यावर आकडे थोडे हलतात, आणि पाऊस ७८० च्या पुढे गेला की हेच पुणं सॅव्हानात मोडतं. म्हणून उत्तरपत्रिकेत नुसतं नाव लिहू नये, आलेखातून वाचलेली बेरीज आणि ही आकडेमोड शेजारी मांडावी.