लिखाणाला घाऊक भाव नसतो

येवल्यात पैठणीचं दुकान चालवणाऱ्याला लिहिणारं माणूस कधी आठवतं? घटस्थापना चार दिवसांवर आली की. नवरात्राचे नऊ रंग जाहीर झालेले असतात, शेजारच्या दुकानाच्या इन्स्टाग्रामवर पहिल्या रंगाची साडी झळकलेली असते, आणि मग नाशिकच्या एखाद्या लेखिकेला फोन जातो, ‘‘मॅडम, उद्यापर्यंत नऊ पोस्ट द्या.’’ दिवाळी उरकली की दोन महिने शांतता. मग संक्रांतीच्या तोंडावर काळ्या साड्यांसाठी पुन्हा तीच धावपळ.

अशा सुट्या कामात दोघांचंही नुकसान होतं. पुढच्या महिन्यात हातात काय पडणार हे लेखिकेला कळत नाही, आणि दुकानदाराला मिळतो तो घाईत लिहिलेला, कुठल्याही साडीखाली चिकटवता येईल असा मजकूर. यावर तोड म्हणजे रिटेनर : महिन्याचं काम ठरलेलं, रक्कमही ठरलेली. सीएशी किंवा वकिलाशी असा व्यवहार करायची व्यापाऱ्यांना सवय असते. लिहिणाऱ्याशीही तो करता येतो हे मात्र त्यांना सहसा सुचत नाही, ते लिहिणाऱ्यालाच सुचवावं लागतं. आता घेतलेलं दुकान आणि लेखिका काल्पनिक आहेत, पण हिशेब असाच मांडावा लागतो.

पहिला प्रश्न, बोलायचं कधी. दसऱ्याच्या गर्दीत गल्ल्यावर बसलेल्या माणसापुढे प्रस्ताव ठेवण्यात अर्थ नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात, दुकान निवांत होतं, तेव्हा जावं. आणि अनोळखी दुकानात जाऊ नये. ज्याचं सुटं काम दोन-तीनदा केलंय, त्यानं पैसे वेळेवर दिलेत, आणि ज्याला वर्षभर काहीतरी लागतंच, त्याच्याकडेच ही गोष्ट काढावी. एकदा वेबसाइट लिहून घेतली की ज्याची गरज संपते, त्याच्या गळ्यात महिन्याचं काम मारलं तर तो तिसऱ्या महिन्यात बंद करणारच.

बरोबर न्यायचा कागद एका पानाचा. बहुतेक नवे लेखक त्यावर स्वतःची ओळख, पदव्या आणि आधीच्या ग्राहकांची यादी छापतात. माझ्या मते ते सगळं मागच्या बाजूला टाकावं. वरती दुकानदाराचंच वर्ष असावं : श्रावणात मंगळागौर, ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन, भाद्रपदात गौरी, मग नवरात्र ते दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, जानेवारीत संक्रांत, चैत्रात पाडवा. प्रत्येकासमोर दोन तारखा. गेल्या वर्षी लिखाणाचा निरोप कधी आला ती एक, आणि खरं तर तो कधी यायला हवा होता ती दुसरी. फोनमधले जुने मेसेज चाळले की पहिली तारीख सापडते. नवरात्राचा निरोप चार दिवस आधी आला होता आणि तीन आठवडे आधी यायला हवा होता, हे शेजारी शेजारी लिहिलेलं दिसलं की वेगळं पटवावं लागत नाही.

त्याखाली महिन्याचं काम. ‘सोशल मीडिया सांभाळू’ असं मोघम लिहिलं की भांडणाचं बी पेरलं. मोजता येईल असंच लिहावं. आपल्या उदाहरणात महिन्याला बारा पोस्ट, वेबसाइटसाठी आठ साड्यांची वर्णनं, व्हॉट्सअॅपवर जुन्या ग्राहकांना पाठवायचे चार मेसेज आणि एक मोठा लेख. लेख म्हणजे, उदाहरणार्थ, हातमागाची पैठणी ओळखायची कशी. हातमागावर विणलेल्या पदराची मागची बाजूही पुढच्याइतकीच नीट दिसते, यंत्रमागाच्या नकलेत मागे बऱ्याचदा सुटे धागे लोंबतात. गिऱ्हाईक दुकानात येऊन हेच विचारतं, त्यामुळे असा लेख वर्षानुवर्षं कामाला येतो.

आता रक्कम. लेखिकेला घरखर्चाला महिना ५० हजार हवेत आणि इंटरनेट, लॅपटॉप, प्रवास, आजारपणाची तरतूद मिळून १० हजार जातात असं धरू. महिन्यात ती १६० तास बसते, पण त्यातले बरेच तास फोन, बिलं आणि नवं काम शोधण्यात जातात, बिल लावता येतील असे फार तर १०० उरतात. म्हणजे तासाला ६०० रुपये. बारा पोस्टना आठ तास, वर्णनांना चार, लेखाला सहा, मेसेजना एक, महिन्याची आखणी आणि दुकानाशी बोलणं दोन, दुरुस्त्या तीन. झाले २४ तास, १४ हजार ४०० रुपये. ती १५ हजार सांगते.

दुकानदार व्यापारी आहे. त्याचा पहिला शब्द ठरलेला, ‘‘मॅडम, वर्षभराचं काम देतोय, घाऊकचा भाव लावा.’’ इथेच बहुतेक जण घसरतात आणि जागच्या जागी दहा हजारांवर येतात. साडी घाऊक घेतली की स्वस्त पडते, कारण विणकराला माल एकदम खपतो. बारावी पोस्ट लिहायला मात्र पहिलीइतकाच वेळ लागतो. म्हणून दर न हलवता काम कमी करावं. ‘‘भाऊ, दहा हजारांत बसवायचं तर आठ पोस्ट, चार वर्णनं, मेसेज तेवढेच आणि लेख महिन्याआड.’’ हे साधारण सव्वापंधरा तासांचं काम, ९ हजार २०० रुपयांचं. दहा हजारांत ते बसतं आणि दर शाबूत राहतो. दुकानदारापुढेही आता दोन पर्याय आहेत. घासाघीस रकमेवर न होता कामाच्या यादीवर होते, आणि तीन पोस्ट कमी करू पण मेसेज ठेवू असं तो स्वतःच म्हणायला लागतो.

मग दर तोच असेल तर महिन्याचं ठरवून त्याला मिळतं काय? रांगेतली पहिली जागा मिळते, त्याचे तास महिन्याच्या सुरुवातीलाच राखून ठेवलेले असतात. दुकान ओळखणारी लेखिका मिळते, तिला बांगडी मोर आणि मुनिया यांतला फरक दर वेळी सांगावा लागत नाही. विक्री वाढेल, फॉलोअर दुप्पट होतील, असलं वचन मात्र देऊ नये. साडीचा भाव, फोटो आणि दुकानातली वागणूक तिच्या हातात नाही. फार तर मेसेज गेल्यानंतरच्या दोन दिवसांत किती जणांनी विचारणा केली, ते दुकानात एका वहीत लिहून ठेवायला सांगावं.

हा व्यवहार फसतो तो बहुधा माहितीपायी, मजकूर वाईट असतो म्हणून क्वचितच. साड्यांचे फोटो येतात, पण हातमाग की यंत्रमाग, काठ नारळी की दुसरा, पदरावर काय, विणायला किती दिवस लागले, यातलं काहीच येत नाही. लेखिका तीनदा विचारते, पंधरा तारीख उलटते, आणि महिनाअखेरीस दुकानदार म्हणतो, ‘‘पोस्ट तर सहाच झाल्या.’’ अंदाजाने हातमाग लिहून टाकण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण गिऱ्हाईक उद्या तोच मजकूर दाखवून साडी परत करेल. म्हणून कागदावर एक ओळ असावी की पुढच्या महिन्याचे फोटो आणि माहिती २५ तारखेपर्यंत येईल. ती उशिरा आली तर राहिलेलं काम फक्त एक महिना पुढे जाईल, पैसे मात्र त्या महिन्याचे पूर्ण लागतील. हे ऐकायला कडक वाटतं. पण राखून ठेवलेले तास तिला दुसऱ्या कुणाला विकता आलेले नसतात.

घरच्या धंद्यात आणखी एक गाठ असते. वडिलांना ‘महावस्त्र’ हा शब्द हवा असतो, मुलाला हलकंफुलकं हवं असतं, आणि सूनबाईंनी मंजूर केलेली पोस्ट रात्री सासरे बदलायला लावतात. होकार देणारी व्यक्ती एकच आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, हे पहिल्या दिवशी ठरलेलं बरं.

पैसे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आगाऊ. दुकानाची आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल आणि वर्षाचं बिल ५० हजारांच्या वर जात असेल, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. १५ हजारांऐवजी साडेतेरा हजार जमा झाले की नवखे लोक भांडायला उठतात. ते पैसे बुडालेले नसतात, विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. आगाऊ द्यायला दुकानदार तयार नसेल तर उद्यम नोंदणी करून ठेवावी, लिखाणासारख्या सेवेलाही ती मिळते. सूक्ष्म उद्योगांच्या २००६च्या कायद्याने लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

मालकीचंही एका वाक्यात लिहून टाकावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेलं त्याचंच असतं, ते दुसऱ्याला द्यायचं तर लेखी द्यावं लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरली जाते. त्या महिन्याचे पैसे मिळाले की त्या महिन्याचा मजकूर कायमचा दुकानाचा, इतकं पुरतं.

करार सुरुवातीला तीन महिन्यांचा करावा, श्रावण ते आश्विन, म्हणजे एक मंद आणि एक जोराचा काळ दोघांच्याही अनुभवाला येतो. या काळात लेखिकेने तास टिपून ठेवायचे. ‘बॅनरवर एवढी एक ओळ’, ‘भाच्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर’ अशी किरकोळ कामं साचत जातात आणि २४ तासांचे ३४ कधी झाले ते कळत नाही. मग सहाशेचा दर ४४०वर आलेला असतो. पत्रिका लिहून द्यायला हरकत नाही, पण यादीबाहेरच्या कामाचा सुटा भाव कागदावर असावा, आणि फुकट केलेलं कामही बिलात ‘सवलत’ म्हणून दिसावं.

दिवाळी झाली की दुकानदार म्हणणार, ‘‘आता दोन महिने थांबू, पाडव्याला बघू.’’ त्याचंही चुकत नाही, गल्ला थंड झालेला असतो. इथे रुसून बसण्यापेक्षा लहान पर्याय पुढे करावा : हे दोन महिने पाच हजारांत चार पोस्ट, दोन मेसेज आणि पुढच्या लग्नसराईची आखणी. आणि आषाढातलाच कागद पुन्हा काढून संक्रांतीच्या ओळीवर बोट ठेवावं. काळ्या पैठण्यांचे फोटो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागतात.