माल परत मागवणारी चार ओळींची सूचना

जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सने लाल मिरची पावडरीची एक बॅच बाजारातून परत मागवली. नमुन्याच्या तपासणीत कीटकनाशकाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता आणि भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने माल मागे घेण्याचा आदेश दिला होता. माल सुमारे चार टन, पाकिटे २०० ग्रॅमची. म्हणजे हिशेबाने वीसेक हजार पाकिटे. कंपनीने वितरकांना कळवले, जाहिरात दिली आणि ग्राहकांना सांगितले की पाकीट जिथून घेतले त्या दुकानात परत करा, पूर्ण पैसे मिळतील.

अशा सूचनेत सगळ्यात रूक्ष दिसणारी गोष्ट म्हणजे बॅच क्रमांक, पण सगळा भार तिच्यावरच असतो. मिरचीत कीटकनाशक येते ते शेतातून. ज्या कच्च्या मालात ते होते, तो कोणत्या दळणात गेला आणि ते दळण कोणत्या पाकिटांत भरले गेले, हे कारखान्याच्या नोंदींतून कळते. नोंदी चोख असतील, तर एकच क्रमांक मागवून भागते आणि शेजारच्या फळीवरची, दुसऱ्या बॅचची पाकिटे विकत राहता येतात. मात्र दोष कच्च्या मालात नसून यंत्रात किंवा टाकीत असला, तर हा हिशेब कोलमडतो. ती टाकी नीट धुऊन निर्जंतुक होईपर्यंत तिच्यातून गेलेली प्रत्येक बॅच संशयित ठरते.

बेल्जियममधल्या आर्लाँ इथल्या फेरेरो कंपनीच्या चॉकलेट कारखान्यात नेमके हेच झाले. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या तपासणीत साल्मोनेला जंतू सापडला होता. पुढच्या काही महिन्यांत ब्रिटन आणि युरोपातल्या अनेक देशांत लोक आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. २ एप्रिल २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पहिली सूचना निघाली. तिच्यात फक्त किंडर सरप्राइज अंडी होती. वीस ग्रॅमची, सुटी किंवा तीनच्या पाकिटातली, आणि तीही ११ जुलै ते ७ ऑक्टोबर २०२२ या दरम्यानची ‘बेस्ट बिफोर’ तारीख असलेली. पुढच्या काही दिवसांत यादीत आणखी उत्पादने आली. ८ एप्रिलला बेल्जियमच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने कारखान्याचा परवाना काढून घेतला आणि तिथे तयार झालेले सगळेच किंडर पदार्थ, बॅच आणि तारीख न पाहता, परत मागवले गेले. ईस्टर तोंडावर आला होता, म्हणजे चॉकलेटची अंडी घरोघरी येण्याचेच हे दिवस!

फुगत जाणारी सूचना लोकांचा विश्वास जास्त घालवते. पहिल्या यादीत नाही म्हणून ज्या आईने मुलाला चॉकलेट दिले, तिला दुसरी यादी वाचून काय वाटेल? शंका असेल तर पहिल्याच दिवशी जाळे मोठे टाकणे कंपनीला महाग पडते, पण दर दोन दिवसांनी माफी मागण्यापेक्षा ते स्वस्त.

परताव्याची पद्धतही दोषाप्रमाणे बदलते. ब्रिटनमधल्या सूचनेत चॉकलेट खाऊ नका आणि पैशांसाठी कंपनीच्या ग्राहक सेवेशी संपर्क साधा, असे सांगितले होते. मिरचीचे पाकीट मात्र दुकानात न्यायचे होते. ग्राहकाला नेमका एक मार्ग सांगणे महत्त्वाचे, आणि बिल लागेल की नाही हेही तिथेच लिहावे. ते लिहिले नाही, तर लहानशा रकमेसाठी कोणी खेटे घालत नाही आणि पाकीट फडताळातच राहते.

माफीचा सूर सांभाळणे अवघड. फेरेरोने ८ एप्रिलच्या निवेदनात मनापासून क्षमा मागितलीच, शिवाय माहिती मिळवण्यात आणि पुढे देण्यात आपल्याच अंतर्गत व्यवस्थेमुळे उशीर झाला, हेही कबूल केले. माफीचे वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढ्याने पोट बिघडलेल्या मुलाचे घर शांत होत नाही. उलट घाबरवणारी भाषा वापरली, तर ज्यांच्याकडे ती बॅच नाही तेही फोन लावत बसतात.

मसालेवाल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला असा मजकूर लिहायचा झाला, तर तो साधारण असा असावा: ‘आमच्या हळद पावडरीच्या अमुक बॅचमध्ये, अमुक पॅकिंग तारखेच्या २०० ग्रॅम पाकिटांत, कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आहे. ही पावडर वापरू नका. पाकीट, उघडलेले असले तरी, दुकानात द्या. बिल नसले तरी पूर्ण पैसे मिळतील. इतर बॅचवर परिणाम नाही. माल बाहेर जाण्यापूर्वी हे आमच्या लक्षात यायला हवे होते. आम्ही क्षमा मागतो.’

आपल्याकडे यात एक ओळ वाढवावी लागेल. मसाला आणला की तो बरणीत ओतून पाकीट फेकण्याची सवय घरोघरी आहे, आणि पाकिटाबरोबर बॅच क्रमांकही जातो. म्हणून ही पाकिटे कोणत्या तारखांदरम्यान आणि कोणत्या भागात विकली गेली, तेही सूचनेत असावे; पाकीट नसेल आणि खरेदी त्या काळातली असेल, तर बरणीतली पावडर टाकून द्या व या क्रमांकावर फोन करा, असेही.