दिवेआगरची दानपेटी, एका भित्तिपत्रकावर
(संशोधन भिंतीवर : लेखांक ६)

मागच्या लेखांकात भित्तिपत्रकाचा विषय कसा निवडावा ते पाहिलं. आज एकच विषय घेऊ आणि तो कागदावर मांडून पाहू. श्रीवर्धन तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीला दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरात येणाऱ्या दानाचा छोटा अभ्यास करायचा आहे आणि विश्वस्तांनी हिशेब पाहायची परवानगी दिली आहे, असं समजा.

हे मंदिर निवडण्यामागे कारण आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या एका सुपारीच्या वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन तो पळवला. चोरट्यांनी वितळवलेलं सोनं पुढे पोलिसांना मिळालं, त्यातून मुखवटा नव्याने घडवला गेला आणि २३ नोव्हेंबर २०२१ च्या अंगारकीला त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. देऊळ तेच, गाव तेच, पण मुखवटा होता, गेला आणि परत आला. दानावर याचा काय परिणाम झाला, हे विचारायला याहून स्पष्ट जागा सापडणं कठीण.

पहिली अडचण हिशेबाच्या वहीतच भेटते. वहीत पैसे टाकल्याचा दिवस नसतो. पेटी उघडून मोजदाद झाली, तो दिवस असतो. कल्पनेतले आकडे घेऊ. एका मोजणीत २८ दिवसांचे ४२,००० रुपये निघाले, पुढच्या मोजणीत ४१ दिवसांचे ५३,३००. या दोन रकमांचे स्तंभ शेजारी काढले तर दान वाढलेलं दिसेल. दिवसांनी भागलं की पहिल्यात रोजचे १,५०० आणि दुसऱ्यात १,३०० येतात, म्हणजे दान घटलं आहे. त्यामुळे आलेखात मोजणीची रक्कम घ्यायची नाही, रोजची सरासरी घ्यायची. ज्या काळात अंगारकी आली तो ठिपका वेगळ्या रंगात दाखवायचा, कारण त्या एका दिवसाची गर्दी सगळी सरासरी वर खेचते. अंगारकी इंग्रजी महिन्याप्रमाणे येत नाही, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली तरी फसायला होतं.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. दरोडा ३१ मार्चच्या सात दिवस आधी पडला, म्हणून २०११-१२ आणि २०१२-१३ हे दोन ताळेबंद जवळजवळ नेमके ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे पडतात. मुखवटा परत येण्याच्या वेळी मात्र तसं झालं नाही. कोरोनामुळे बंद असलेली राज्यातली मंदिरं ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली आणि मुखवटा त्यानंतर ४७ दिवसांनी बसला. त्याआधी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. तेव्हा २०२१ नंतर दान वाढलेलं दिसलं तरी ते मुखवट्यामुळे, की देऊळ उघडल्यामुळे, हे या वहीवरून सांगता येणार नाही. भित्तिपत्रकावर हे वाक्य निष्कर्षाच्या चौकटीतच आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवं. तळाशी बारीक टाइपात ढकललेली मर्यादा कोणी वाचत नाही. आणखी एक अडचण अशी, की मोबाइलवरून दिलेलं दान थेट बँकेत जातं. ते मोजलं नाही तर पेटीतली घट म्हणजे श्रद्धेतली घट, असा चुकीचा अर्थ निघेल.

आता मांडणी. आयोजकांनी वेगळं माप दिलं नसेल तर ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा ए-शून्य कागद उभा धरा. मधला निम्मा कागद एकाच आलेखाला द्या: आडवी काळाची रेषा, ठिपके आणि घटनांच्या उभ्या रेघा. प्रत्येक रेघेवरच ‘दरोडा’, ‘टाळेबंदी’, ‘पुनःप्रतिष्ठापना’ असं लिहा. कोपऱ्यात रंगांची सूची दिली तर वाचणाऱ्याची नजर सारखी ये-जा करत राहते. शीर्षकातच उत्तर सांगा. ‘दानाचा अभ्यास’ एवढं म्हटल्याने काही कळत नाही. मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. देवनागरीत वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. छपाईआधी तेच पान ए-चार कागदावर काढून हातभर अंतरावर धरा. लांबी-रुंदी चौपट लहान झालेली असते, म्हणून इथे वाचता आलं तर भिंतीवरचं चार हातांवरून वाचता येईल.

एक गोष्ट मात्र या कागदावर येऊ नये असं मला ठामपणे वाटतं: उभ्या अक्षावर रुपये. दरोड्याआधीच्या वर्षाची रोजची सरासरी १०० धरा आणि बाकी सगळं त्या प्रमाणात दाखवा. चढउतार तेवढाच स्पष्ट दिसतो. मोजणीच्या तारखाही नकोत, तिमाही पुरे. पेटीत किती साठतं आणि ती केव्हा उघडतात, हे ज्या देवळात दोन पहारेकरी मारले गेले त्याच्याबद्दल अनोळखी गर्दीसमोर टांगायचं नसतं.