बिनाले, आर्ट फेअर आणि सास्तीचा कोळसा

बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन. त्यात काय दाखवायचे हे क्युरेटर ठरवतो आणि तिथे निदान उघडपणे काही विकले जात नाही. आर्ट फेअर हा तीन-चार दिवसांचा बाजार असतो. तिथे गॅलऱ्या भाड्याने गाळे घेतात आणि चित्रे विकतात. बिनालेची प्रथा व्हेनिसने 1895 साली पाडली. तिथेही 1968पर्यंत विक्रीचे कार्यालय होते आणि विकलेल्या कामावर दलाली घेतली जाई, त्यामुळे या दोन संस्थांमधली भिंत समजली जाते तितकी जुनी नाही. भारतात दिल्लीचा आर्ट फेअर 2008 साली, कोची-मुझिरिस बिनाले 12 डिसेंबर 2012 रोजी आणि महालक्ष्मी रेसकोर्सवरचा आर्ट मुंबई 2023 साली सुरू झाला. आज कोणता चित्रकार ‘समकालीन’ म्हणून ओळखला जाईल, हे बरेचसे या ठिकाणी ठरते.

महाराष्ट्रातली त्याआधीची वाट वेगळी होती आणि ती अजून चालू आहे. कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी चित्रकलेशी पहिली गाठ पडते ती शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. पुढे कलाशिक्षक पदविका किंवा जे. जे., मग राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन आणि सरतेशेवटी जहांगीरमधला आठवडा. या वाटेवर चित्रकार स्वतः अर्ज करतो, परीक्षक चित्र बघतात, पारितोषिक मिळते किंवा मिळत नाही. बिनालेला असा अर्ज सहसा चालत नाही. क्युरेटर फिरतो, स्टुडिओ बघतो, ओळखीच्यांना विचारतो आणि यादी करतो. फेअरमध्ये तर चित्रकाराला थेट प्रवेशच नाही. निवड गॅलऱ्यांची होते आणि कोणाचे काम न्यायचे हे गॅलरी ठरवते.

ही नवी वाट प्रत्यक्षात कशी चालते, ते प्रभाकर पाचपुते यांच्या उदाहरणावरून चांगले समजते. त्यांचा जन्म 1986 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या गावचा. गाव कोळसा खाणींच्या पट्ट्यातले आणि घरातली माणसे खाणीत कामाला. त्यांचे शिक्षण खैरागढ आणि बडोदा इथे झाले. मुंबईत त्यांना पहिले स्वतंत्र प्रदर्शन जहांगीरने दिले नाही. ते 2012 साली कुलाब्याच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये झाले. सुमेश शर्मा आणि झाशा कोला या दोन क्युरेटरांनी चालवलेली ही लहानशी जागा होती. पाचपुते थेट भिंतीवर कोळशाने चित्र काढत. डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्राचा तुकडा असलेली खाणकामगारांची शरीरे त्या भिंतींवर उभी राहत. चित्राचा विषय आणि चित्राचे साधन एकच होते, आणि प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा पांढरी होई.

दोनच वर्षांत, 2014 साली, हे काम साओ पाउलोच्या 31व्या बिनालेत पोचले. ब्राझीलच्या भिंतीवर चंद्रपूरची खाण येण्यामागे गुणवत्ता होतीच, पण ते काम बिनालेच्या गरजेत चपखल बसणारेही होते. बिनालेला मोठी जागा भरणारे, तिथल्या तिथे घडवता येणारे आणि दोन परिच्छेदांच्या फलकात सांगता येईल असा सामाजिक संदर्भ असलेले काम लागते. त्यात कोळशाचे चित्र स्वस्तात होते. जहाजाने पेट्या पाठवायच्या नाहीत, विमा उतरवायचा नाही. चित्रकाराचे तिकीट आणि काही दिवस भिंत एवढेच पुरते. क्युरेटरांच्या रसिकतेवर लिहिताना या हिशेबाचा उल्लेख क्वचितच होतो.

फेअरच्या गाळ्यात नेमके उलटे आहे. भाडे चौरस मीटरवर असते आणि भिंती चार दिवसांपुरत्या उभ्या केलेल्या असतात. विक्री झाली तर गॅलरी आणि चित्रकार यांच्यात साधारण निम्मे-निम्मे वाटप होते. भाडे, वाहतूक आणि माणसांचा खर्च निघायचा तर दिवाणखान्यात किंवा कचेरीत लागेल असे, नेता येण्याजोगे काम हवे. भिंतीवरचा कोळसा कोण घरी नेणार? त्यामुळे अशा चित्रकाराच्या कामाला दुसरा हात फुटतो. तीच माणसे, तीच अवजारे कॅनव्हासवर, कागदावर आणि लहान शिल्पांत येतात. पाचपुते यांचे काम आज कोलकात्याची एक्सपेरिमेंटर गॅलरी मांडते आणि त्यात हे सगळे प्रकार आहेत. त्याला तडजोड म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचे कॅनव्हास स्वतःच्या बळावर उभे आहेत. पण भिंत आणि कॅनव्हास यांचे ग्राहक वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

या दोन ग्राहकांना जोडणारा धागा पाहायचा असेल तर चित्राशेजारची पट्टी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. बिनालेत तिथे ‘सौजन्य’ म्हणून बहुधा चित्रकाराबरोबर गॅलरीचे नाव असते. आयोजकांचा निधी नेहमीच तोकडा पडतो. लाकूड, प्रोजेक्टर, वाहतूक यांचा काही खर्च गॅलरीने उचललेला असतो. पुढच्या फेअरमध्ये त्याच चित्रकाराच्या परिचयात त्या बिनालेचे नाव वर येते आणि किंमत त्याच्या आधाराने सांगितली जाते. अनेक कामे तर पडदा उघडण्यापूर्वीच, ग्राहकांना पाठवलेल्या यादीवरून राखून ठेवलेली असतात. ज्याच्या पाठीशी गॅलरी नाही, त्याला बिनालेचे आमंत्रण आले तरी मोठे काम उभे करणे अवघड जाते.

कोचीची गोष्ट महाराष्ट्राला वाटते त्याहून जवळची आहे. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे तिचे संस्थापक मूळचे केरळचे, पण शिकले जे. जे.त आणि काम करत होते मुंबईत. दुसऱ्या आवृत्तीचे क्युरेटर जितीश कल्लाट आणि तिसऱ्या आवृत्तीचे सुदर्शन शेट्टी हेही जे. जे.चेच. म्हणजे पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची यादी एकाच शाळेच्या ओळखीपाळखीतून गेलेल्या माणसांनी केली. यात कारस्थान काही नाही. फिरून बघणाऱ्या माणसाचे फिरणे त्याच्या ओळखींच्या बाहेर फारसे जात नाही, इतकेच. चौथी आवृत्ती 2018 साली अनिता दुबे यांनी केली. तिच्यात पाचपुते यांनी शेतकऱ्यांच्या मोर्चांवरचे काम मांडले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी चालत गेले होते.

अशा संस्थांचा डोलारा किती नाजूक असतो, हे पाचव्या आवृत्तीत दिसले. डिसेंबर 2022मध्ये उद्‌घाटन तोंडावर असताना मुख्य जागा तयार नव्हत्या. पेट्या अडकल्या होत्या, छपरे गळत होती, आणि प्रदर्शन 12ऐवजी 23 तारखेला उघडावे लागले. सहभागी कलाकारांनी खुले पत्र लिहून व्यवस्थापनाला जाब विचारला. आमंत्रणाची प्रतिष्ठा एवढी मोठी असते की एरवी असे पत्र लिहायला सहसा कोणी धजत नाही.

या सगळ्यात कोण दिसत नाही, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात जलरंगातल्या निसर्गचित्राची आणि व्यक्तिचित्राची परंपरा दणकट आहे. वासुदेव कामत, मिलिंद मुळीक यांची प्रात्यक्षिके बघायला गर्दी होते आणि त्यांची चित्रे घेणारेही पुष्कळ आहेत. बिनालेच्या यादीत हा प्रकार जवळजवळ नसतो, कारण त्याला फलकाची गरज पडत नाही आणि क्युरेटरला त्यात सांगण्यासारखे थोडेच उरते. वारली चित्रकलेची अडचण निराळी. जिव्या सोमा म्हसे यांचे काम 1989 साली पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या समकालीनांच्या बरोबरीने लागले, तरी देशातल्या बाजारात वारलीचे चित्र आजही बहुधा ‘लोककला’ या वेगळ्या खणात आणि वेगळ्या भावात ठेवले जाते.

गॅलरी नसलेल्यांसाठी कोचीने 2014पासून स्टुडंट्स बिनाले चालवला आहे. त्यासाठी क्युरेटर देशभरच्या, विशेषतः सरकारी, कला महाविद्यालयांत जाऊन विद्यार्थ्यांची कामे निवडतात. पण कोपरगावसारख्या गावातून पदविका घेऊन थेट शाळेत चित्रकला शिकवू लागलेल्या माणसापर्यंत ही फेरी पोचत नाही. त्याच्यासाठी राज्य कला प्रदर्शनाचा अर्ज आणि जहांगीरची प्रतीक्षायादी हीच दारे आहेत.