दर शनिवारी सहा चौकोन

लोकरीच्या दुकानात गर्दी होते ती दिवाळीनंतर. गिऱ्हाईक दोन गुंडे घेऊन जातं, स्वेटर अर्धवट राहतो आणि गिऱ्हाईक पुढच्या थंडीपर्यंत फिरकत नाही. अर्धवट विणकाम घरात पडून असताना नवी लोकर घ्यायला कोण येणार? म्हणून दुकानाचा विणकाम-कट्टा सुरू करायचा, तर हाती घेतलेलं काम पुरं करून देण्यासाठी करावा.

समजा, कट्ट्याने बाळाचं क्रोशाचं पांघरूण विणायला घेतलं. बारा सेंटिमीटरचे ३६ चौकोन, सहा आडवे, सहा उभे. आठवड्याला सहा, म्हणजे सहा आठवड्यांचं काम. सप्टेंबरच्या मध्यावर सुरुवात केली, तर थंडीआधी पांघरूण तयार. दुकानात सामसूम असते ती शनिवारी दुपारची वेळ, आठ-दहा खुर्च्या आणि साखळी-खांब शिकवणारी एक जाणती बाई, एवढं पुरे. थोडे पैसे आगाऊ घेऊन ते लोकरीच्या बिलात वळते करावेत. नाव नोंदवलेली माणसं मग सहसा दांडी मारत नाहीत.

खरी मेख लोकरीच्या वेष्टनावर असते. तिथे रंगासोबत लॉट नंबर छापलेला असतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये किंचित फरक पडू शकतो. गुंडा हातात असताना तो कळत नाही, पण चौकोन जोडले की पट्टा उठून दिसतो. अशा पांघरुणाला मध्यम जाडीची साधारण चारशे ग्रॅम लोकर लागते. सगळी एकदम घ्यायला लावू नये. दोन गुंडे विकावेत आणि त्याच लॉटचे दोन नाव लिहून बाजूला ठेवावेत. ऑनलाइन लोकर स्वस्त मिळेलही, पण तोच लॉट येईल याची खात्री नसते. शिवाय चुकलेला खांब उसवून नीट करून द्यायला तिथे कोणी नसतं.

कट्टा बिघडतो तो दोन प्रकारे. मुरलेल्या विणकरणी आपसात रमतात आणि नवशिकी तिसऱ्या शनिवारी गायब होते. म्हणून तिला जाणतीच्या शेजारीच बसवावं. दुसरं, व्हॉट्सॲप गटावर रोज ऑफर आणि सुप्रभात सुरू झालं की लोक गट म्यूट करतात. तिथे चौकोनांचे फोटो आणि शनिवारची आठवण, एवढंच असावं.

कट्टा जमला का, हे खुर्च्या मोजून कळत नाही. बिलावर नाव लिहायची सवय लावा. पांघरूण संपल्यावर दोन महिन्यांत किती जणींनी पुढच्या कामाची लोकर नेली, ते पाहा. खुर्च्या भरलेल्या आणि बिलं रिकामी असतील, तर पहिलं काम संपायच्या आतच पुढचा नमुना विणून काउंटरवर टांगायला हवा होता, असं समजा.