परत रन कर, होईल पास

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या मंडळींत बसलात, तर "फ्लेकी आहे गं, परत रन कर" हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. फ्लेकी म्हणजे लहरी. कोड तोच आणि टेस्टही तीच, तरी सकाळी ती पास होते, दुपारी फेल होते आणि काही न बदलता पुन्हा चालवली की परत पास. मीही अनेकदा असं 'परत रन' केलंय. त्यात कधीकधी काय हातचं निसटलं असेल, ते पुढे कळेलच.

समजा, दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणारं एक दुकान आहे. कूपन टाकलं की दहा टक्के सवलत मिळते, आणि सवलतीनंतरची रक्कम हजाराच्या खाली गेली तर घरपोच पाठवण्याचे ४० रुपये लागतात. १२०० रुपयांच्या फराळाचे कूपन लावून १०८० होतात. १०५० च्या खरेदीची गंमत वेगळी आहे. कूपन लावल्यावर ती ९४५ होते, हजाराखाली जाते, ४० रुपये वाढतात आणि बिल येतं ९८५ चं. गिऱ्हाईक हुज्जत घालणार ते नेमकं इथेच.

असा हिशेब तपासायला युनिट टेस्टच हवी. हिशेब करणारा कोडचा तुकडा तेवढा बाजूला घ्यायचा, त्याला १०५० आणि कूपन द्यायचं आणि उत्तर ९८५ येतं का ते पाहायचं. इथे इंटरनेट नाही, पडदा नाही, कुणाची वाट पाहणं नाही. अशा हजार टेस्ट काही सेकंदांत होतात आणि उत्तर दर वेळी तेच येतं.

पण दुकान म्हणजे नुसता हिशेब नव्हे. कूपनचा रकाना सर्व्हरला `code` या नावाने माहिती पाठवतो आणि सर्व्हर `coupon_code` या नावाची वाट पाहत बसतो, असं झालं तर दोन्हीकडच्या युनिट टेस्ट पास होतात आणि कूपन मात्र कुणालाच लागत नाही. मोबाइलवर 'पैसे भरा' हे बटण कुकीच्या सूचनेखाली झाकलं गेलं, तर तेही युनिट टेस्टला दिसत नाही. त्यासाठी खराखुरा ब्राउझर उघडून गिऱ्हाइकासारखं सगळं करून पाहावं लागतं. त्याला एंड-टू-एंड टेस्ट म्हणतात. माणसाऐवजी प्रोग्रामने ब्राउझर चालवायचा हा प्रकार २००४ साली थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने सुरू केलेल्या सेलेनियममुळे रुळला. हल्ली मायक्रोसॉफ्टचं २०२० मधलं प्लेराइटही बरंच वापरतात.

आता आपली टेस्ट ब्राउझरमध्ये चालवू. फराळ कार्टात टाकला, कूपन लिहिलं, 'लागू करा' दाबलं. माणूस इथे नकळत थांबतो, आकडा बदलला का ते पाहतो आणि मग पुढे जातो. प्रोग्रामला ते भान नसतं. बटण दाबल्याच्या पुढच्याच क्षणी तो रक्कम वाचतो. कूपन सर्व्हरकडे जाऊन उत्तर यायला समजा पाव सेकंद लागतो, तेवढ्यात पडद्यावर अजून १२०० च असतात. टेस्ट फेल. यावर सगळे पहिल्यांदा करतात ते असं:

```
await page.waitForTimeout(2000);
```

दोन सेकंद गप्प बस, असा याचा अर्थ. बहुतेक वेळा निभतं. पण एका दुपारी त्याच यंत्रावर दहा टेस्ट एकदम चालू असतात, उत्तर यायला सव्वादोन सेकंद लागतात आणि टेस्ट पुन्हा पडते. मग दोनाचे पाच होतात, पाचाचे दहा, आणि सगळा संच चालायला तास लागतो. वेळेची वाट पाहण्याऐवजी घटनेची वाट पाहणं, हा खरा उपाय:

```
await expect(page.getByTestId('total')).toHaveText('₹1,080');
```

ही ओळ आकडा १०८० होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहते. तो पाव सेकंदात झाला तर लगेच पुढे जाते, आणि ठरलेल्या मुदतीत झालाच नाही तरच फेल होते. प्लेराइटमध्ये ही मुदत सहसा पाच सेकंदांची असते.

इथवर चूक टेस्टची होती, आणि बरेच लेख इथेच थांबतात. मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या टेस्टने उतावीळपणे जे केलं, ते एखादं गिऱ्हाईक करणार नाही का? लोकलच्या गर्दीत नेटवर्क येतंय-जातंय, बाईंनी कूपन टाकलं आणि लगोलग 'पैसे भरा' दाबलं. ते बटण त्या क्षणी चालू असेल आणि पडद्यावरचीच रक्कम पुढे पाठवत असेल, तर त्यांचे १२०० गेले. थांबायला शिकवून आपण टेस्ट शहाणी केली, दुकान नाही.

टेस्ट लहरी की दुकान सदोष, हे ओळखायची युक्ती म्हणजे योगायोगावर न विसंबता उशीर मुद्दाम घडवायचा:

```
await page.route('**/api/coupon', async route => {
  await new Promise(r => setTimeout(r, 3000));
  await route.continue();
});
```

कूपनचं उत्तर आता दर वेळी किमान तीन सेकंद उशिरा येईल. या अवस्थेत न थांबता 'पैसे भरा' दाबून पाहायचं. १२०० ची ऑर्डर लागली, तर दोष दुकानाचा, आणि आता तो कधीमधी नाही, दर वेळी दिसतो. कूपनचं उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवायचं आणि देय रक्कम पडद्यावरून न घेता सर्व्हरनेच ठरवायची, ही त्याची दुरुस्ती.

'परत रन' मध्ये निसटतं ते हेच. पडलेली टेस्ट आपोआप आणखी दोनदा चालवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, आणि तिन्ही वेळा पडली तरच ती फेल धरतात. दहातून एकदा उमटणारा दोष लागोपाठ तीनदा उमटायची शक्यता हजारात एक. तरी लोक ही सोय का वापरतात, तेही समजतं. एकेक टेस्ट दोनशे वेळांतून एकदाच उगाच पडत असली, तरी दोनशे टेस्टचा संच दर तीन वेळांतून जवळजवळ दोनदा लाल दिसतो. रोज खोटी आग लागली की घंटेकडे कोण पाहतं? म्हणून ब्राउझरमधल्या टेस्ट मोजक्याच ठेवाव्यात, असं माझं मत आहे. चेकआउटच्या दोन-तीन वाटा तिथे तपासाव्यात, आणि ९४५ अधिक ४० सारखे हिशेब युनिट टेस्टकडेच सोपवावेत.

लहरीपणाचं दुसरं मोठं कारण घड्याळ. 'आजपासून लागू' असं कूपन तयार करून ते वापरणारी एक टेस्ट रात्री दोनला चालते आणि पडते. सकाळी दहाला कुणीतरी ती परत चालवतं, ती पास होते, आणि फ्लेकी म्हणून विषय मिटतो. टेस्टच्या यंत्रावर तारीख भारतीय असते, पण सर्व्हर जागतिक वेळ पाळतो आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. त्यामुळे मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला अभ्यंगस्नान उरकून कुणी त्या दिवसाचं कूपन लावायला गेलं, तर दुकान त्यांना सांगणार की हे कूपन अजून सुरू झालेलं नाही.