सहा प्रायोजक, एक पडदा

दिवाळी पहाट असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की गावची मॅरेथॉन, निवेदक माइक हातात घेण्याआधी पडद्यावर प्रायोजकांची स्लाइड लागते. सहा जणांनी सारखीच रक्कम दिलेली असते. पण पडद्यावर मात्र एकाचं नाव डोळ्यांत भरतं आणि दुसऱ्याचं कोपऱ्यात चिमटून बसल्यासारखं दिसतं. ज्याचा लोगो बारीक झाला तो प्रायोजक पहिल्या रांगेतच बसलेला असतो, आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेल्यावर हा विषय निघतोच. स्लाइड करणाऱ्याने पक्षपात केलेला नसतो. त्याने सगळ्यांना सारखं मोजलेलं असतं, फक्त चुकीच्या मापाने.

बहुतेक जण लोगोंची उंची सारखी करतात. हे न्याय्य वाटतं, पण एक साधं गणित करून बघा. सराफी पेढीचा लोगो म्हणजे लांबलचक अक्षरांत लिहिलेलं नाव आहे, रुंदी उंचीच्या चौपट. दूध डेअरीचा लोगो चौकोनी आहे. दोघांनाही 3 सेंटीमीटर उंची दिली तर सराफांचा लोगो 12 सेंटीमीटर रुंद होतो आणि 36 चौरस सेंटीमीटर जागा घेतो. डेअरीला मिळतात फक्त 9. मग कुणीतरी सुचवतं की रुंदी सारखी करू. दोघांना 6 सेंटीमीटर रुंदी दिली की डेअरीला 36 चौरस सेंटीमीटर मिळतात आणि सराफांची पट्टी दीड सेंटीमीटर उंचीची, म्हणजे 9 चौरस सेंटीमीटरची उरते. चौपटीचा फरक तसाच राहिला, फक्त बाजू उलटली.

सारखं करायचं असतं ते क्षेत्रफळ. डोळ्याला आकाराचा अंदाज येतो तो उंचीवरून किंवा रुंदीवरून नव्हे, तर लोगोने पडद्यावर एकूण किती जागा व्यापली आहे यावरून. त्यासाठी लागतं एक वर्गमूळ, आणि ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही निघतं. आधी लोगोची रुंदी भागिले उंची करा आणि त्या उत्तराचं वर्गमूळ घ्या. चौकोनी लोगोसाठी जी बाजू ठरवली असेल, समजा 4 सेंटीमीटर, तिला या वर्गमुळाने गुणलं की रुंदी मिळते आणि भागलं की उंची. सराफांचं गुणोत्तर 4, वर्गमूळ 2, म्हणजे रुंदी 8 आणि उंची 2. डेअरीचा चौकोन 4 बाय 4. दोघांनाही 16 चौरस सेंटीमीटर.

त्याच हिशोबात बाकीचे प्रायोजक बसवू. रुग्णालयाच्या लोगोत डावीकडे चिन्ह आणि शेजारी नाव आहे. गुणोत्तर सव्वादोन, वर्गमूळ दीड. म्हणून तो 6 सेंटीमीटर रुंद आणि साधारण 2.7 उंच. बांधकाम व्यावसायिकाच्या लोगोत उंच इमारत आणि खाली नाव आहे. गुणोत्तर 0.64, वर्गमूळ 0.8. तो 3.2 रुंद आणि 5 उंच. मसालेवाल्यांकडून आलेला लोगो म्हणजे नुसती एका ओळीतली अक्षरं, रुंदी उंचीच्या नऊपट. त्याचं उत्तर येतं 12 सेंटीमीटर रुंद आणि 1.33 उंच. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड 33.87 सेंटीमीटर रुंद असते. कडेची जागा सोडून एका ओळीत तीन लोगो बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 9 सेंटीमीटर येतात. मसालेवाल्यांचा लोगो त्यात मावत नाही.

इथे लोगो दाबून बसवू नका. बहुतेक कंपन्यांकडे लोगोची दुसरी मांडणीही असते, नाव दोन ओळींत असलेली किंवा चिन्ह वर आणि नाव खाली असलेली. ती मागून घ्यावी. नाव दोन ओळींत आलं की रुंदी निम्मी आणि उंची दुप्पट होते, गुणोत्तर नऊवरून सव्वादोनवर येतं आणि मसालेवाले रुग्णालयाच्याच मापात बसतात. दुसरी मांडणी नसेलच, तर त्या एका लोगोत जेवढं क्षेत्रफळ मावेल तेवढ्यावर सगळ्यांना आणावं लागतं. लोगो आडवा ताणणं किंवा उभा चेपणं हा मार्ग मात्र कधीच घेऊ नये. अक्षरांची ठेवण बिघडलेली सर्वांत आधी त्याच्या मालकाला दिसते.

मोजमापाआधी एक काम करायला हवं, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. लोगोच्या फाइलमध्ये चहूबाजूंनी रिकामी जागा असते. कधी पांढरी, कधी पारदर्शक, त्यामुळे ती दिसत नाही, पण माप घेताना मोजली जाते. पतसंस्थेचा गोल शिक्का फाइलच्या मधोमध छोटासा बसलेला असेल, तर तुम्ही 4 सेंटीमीटर दिले तरी प्रत्यक्ष शिक्का अडीच सेंटीमीटरचाच दिसेल. म्हणून आधी Crop वापरून शाईच्या अगदी काठापर्यंत सगळी रिकामी जागा छाटा आणि मगच गुणोत्तर काढा. Lock aspect ratio वर खूण असेल तर फक्त रुंदी भरायची, उंची आपोआप येते. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आली असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. पडदा 1920 पिक्सेलचा असेल, तर 8 सेंटीमीटरच्या लोगोला साधारण साडेचारशे पिक्सेल रुंदी लागते. दोनशे पिक्सेलचं चित्र तिथे धूसर दिसणार. एसव्हीजी फाइल मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

आता खऱ्या कौशल्याचा भाग. क्षेत्रफळ सारखं झालं तरी सगळे लोगो सारखे दिसत नाहीत, कारण आपण मोजला तो भोवतीचा चौकोन. आतली शाई प्रत्येकाची वेगळी. वर्तुळ आपल्या चौकोनाचा सुमारे 78 टक्केच भाग व्यापतं, चार कोपरे मोकळे राहतात. म्हणून पतसंस्थेचा गोल शिक्का 4 सेंटीमीटरचा ठेवला तर डेअरीच्या चौकोनाशेजारी तो लहान वाटतो. त्याचा व्यास साडेचार केला की बरोबरी होते. शिवाय तो बारीक रेघांचा आहे, त्यामुळे हे वाढलेलं माप त्याला शोभतं. डेअरीचा लोगो म्हणजे गडद निळ्या रंगाने पूर्ण भरलेला चौकोन आणि त्यात पांढरी अक्षरं. तो जड आहे. त्याला दहा टक्के कमी करून 3.6 सेंटीमीटरवर आणावं. उंच गोष्ट आपल्या डोळ्यांना आहे त्याहून मोठी वाटते, म्हणून बांधकामवाल्यांचा 5 सेंटीमीटरचा मनोराही थोडा उतरवून 4.6 वर आणणं बरं, म्हणजे रुंदी 2.9 होते. या दुरुस्त्यांचं सूत्र नाही, त्या नजरेने करायच्या असतात. पण त्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आतच ठेवाव्यात. त्याहून जास्त लागत असतील तर छाटणीत काहीतरी राहून गेलं आहे असं समजावं.

रंगांनाही वजन असतं. पांढऱ्यावर भडक लाल पुढे येतो, पिवळा मागे पडतो. सगळे लोगो एकाच करड्या रंगात करून टाकण्याचा मोह होतो, आणि दिसतंही ते नेटकं. पण अनेक कंपन्यांच्या नियमांत रंग बदलायला मनाई असते, त्यामुळे विचारल्याशिवाय ते करू नये. स्लाइडची पार्श्वभूमी गडद असेल तर वेगळीच अडचण येते. काही लोगो पांढऱ्या चौकोनासकट येतात, काही येत नाहीत, आणि ज्याचा पांढरा चौकोन मोठा तोच उठून दिसतो. अशा वेळी सगळ्यांच्या मागे सारख्याच मापाचं पांढरं कार्ड घालावं.

आता मांडणी. सहा लोगो निवडून Distribute Horizontally दाबलं की काम झालं असं वाटतं, पण ते बटण लोगोंच्या कडांमधलं अंतर सारखं करतं. वरच्या ओळीत लांबट लोगो असले आणि खालच्या ओळीत आखूड, की वरचा आणि खालचा मध्य जुळत नाही आणि रकाने वाकडे दिसतात. त्यापेक्षा आधी 9 बाय साडेपाच सेंटीमीटरचे सहा आयत तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा, मध्ये साधारण सव्वा सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. प्रत्येक लोगो आपल्या आयतात टाका, मग लोगो आणि आयत दोन्ही निवडून Align Center आणि Align Middle द्या. लोगो आधीच पूर्ण आयताच्या आत असायला हवा, नाहीतर आयतही जागेवरून हलतो. शेवटी आयतांचा रंग आणि कडा काढून टाका. कुणाच्या नावाखाली बारीक घोषवाक्य लोंबत असेल तर मधोमध ठेवूनही तो लोगो वर सरकल्यासारखा दिसतो. त्याला हाताने दोन मिलिमीटर खाली घ्या, किंवा घोषवाक्याशिवायचा लोगो मागा. मागच्या रांगेतून ते घोषवाक्य तसंही वाचता येत नाही.

डावीकडे वरची जागा मानाची असते, हे मापाने बदलत नाही. म्हणून नावं वर्णानुक्रमे लावावीत आणि स्लाइडवर तसं छोट्या अक्षरांत लिहावं. मुख्य प्रायोजक वेगळा असेल तर त्याची ओळ आणि मथळाही वेगळा हवा.

तपासायचं कसं? आपल्याला नावं वाचता येतात आणि ओळखीचं नाव मोठं भासतं, म्हणून वाचणं बंद पाडावं लागतं. स्लाइड चित्र म्हणून साठवा, नव्या स्लाइडवर घाला, उलटी फिरवा आणि Artistic Effects मधून Blur द्या. आता सहा डाग दिसतील. जो डाग सर्वांत आधी नजरेत भरतो तो जड आहे, जो शोधावा लागतो तो हलका. घाई असेल तर Slide Sorter उघडून लांबून बघा, तेवढ्यानेही बरंच कळतं. मग कार्यक्रमाच्या सभागृहात प्रोजेक्टरवर एकदा लावून शेवटच्या रांगेतून बघावं. तिथे पतसंस्थेच्या शिक्क्याच्या बारीक रेघा विरून गेल्या असतील, तर तो आणखी थोडा वाढवावा लागेल.

आदल्या रात्री सातवा प्रायोजक येतोच. त्याला खाली एकटा टाकू नका, कारण तीन, तीन आणि एक अशा मांडणीत तो एकटा सगळ्यांत जास्त दिसतो. वर चार आणि खाली मधोमध तीन लावा. एका ओळीत चार म्हणजे आयताची रुंदी 9 वरून 7.2 सेंटीमीटरवर आली. सराफांचा 8 सेंटीमीटरचा लोगो आता मावत नाही, थोडी मोकळीक ठेवली तर तो 6.8 हवा. 6.8 म्हणजे 8 चे 85 टक्के. मग फक्त सराफांना कमी करून भागत नाही, सातही जणांना 85 टक्क्यांवर आणावं लागतं. रुग्णालय आणि मसालेवाले 6 वरून 5.1 वर येतात, शिक्का साडेचारवरून 3.8 वर, डेअरी 3.6 वरून 3.1 वर, आणि बांधकामवाल्यांची उंची 4.6 वरून 3.9 वर. नव्या पाहुण्याचा लोगो आधी छाटायचा, आणि त्याच्या वर्गमुळाला 4 ऐवजी 3.4 ने गुणायचं.